कवळीवाल्या म्हाताऱ्यांसाठी मऊ पण चोथ्याचं जेवण: ज्वारीच्या कण्यांपासून सुरुवात

आमच्या मामाजींना वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या लागल्या त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात एक गोष्ट हळूच घडली. ज्वारीची भाकर बंद झाली. सकाळी चहात बुडवलेलं टोस्ट, दुपारी मऊ भात आणि तुरीचं वरण, रात्री दुधात कुस्करलेली एक पोळी. पोट भरत होतं, पण पाच-पाच दिवस साफ होत नव्हतं. मग आठवड्यातून एकदा चूर्ण, दुसऱ्या दिवशी जुलाबासारखं आणि पुन्हा तेच चक्र.

हिशेब मांडला तेव्हा कारण कळलं. सडलेल्या पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅमला जेमतेम 3 ग्रॅम चोथा असतो, तर ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास. दिवसाचे 150 ग्रॅम तांदूळ, 40 ग्रॅम डाळ आणि एक पोळी मिळून त्यांच्या पोटात 10-11 ग्रॅम चोथा जात होता. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याला साधारण 30 ग्रॅम लागतो. म्हातारं माणूस कमी खातं, म्हणून 22 ते 25 ग्रॅम धरला तरी आम्ही निम्म्यावरच होतो.

सुरुवातीला माझा एक गैरसमज होता आणि तो बऱ्याच घरांत दिसतो. मऊ केलं की चोथा जातो, असं मला वाटायचं. तसं होत नाही. चोथा शिजवल्याने, घोटल्याने किंवा मिक्सरमधून काढल्याने नाहीसा होत नाही. आपण कोंडा चाळून फेकतो, साल सोलतो, रस गाळून चोथा टाकतो, तेव्हा तो जातो. म्हणून चावायचं काम तोंडाऐवजी गिरणीला, कुकरला आणि रवीला करू द्यायचं आणि फेकायचं काहीच नाही, एवढाच आमचा नियम आहे.

आधी तोंडात पाहा

काय शिजवायचं ते ठरवण्याआधी दोन मिनिटं उजेडात बसवून कवळी काढायला लावा आणि हिरड्या पाहा. लाल चट्टा, पांढरट व्रण किंवा बोट लावल्यावर दुखणारी जागा दिसली तर आठवडाभर आंबट आणि तिखट बंद. अंबाडीची भाजी कितीही आवडती असली तरी तेव्हा ती जखमेवर मिठासारखी झोंबते.

कवळीची ताकद नैसर्गिक दातांच्या जवळपासही येत नाही. खालची कवळी तर घोड्याच्या नालेसारखी असते, ती जिभेच्या धक्क्यानेही उचलली जाते. उचलली की खाली बी शिरतं, आणि त्यावर दाब पडला की हिरडी सोलली जाते. म्हणून भाजी मऊ आहे की नाही याइतकंच तिच्यात बिया, सालीचे तुकडे किंवा लांब धागे आहेत का, हे पाहावं लागतं. वांग्याच्या बिया, भेदऱ्याची साल, मेथीच्या काड्या, भाजलेले तीळ हे नेहमीचे गुन्हेगार.

दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे घास किती गरम आहे ते नीट कळत नाही. कण्या आणि वरण आतून फार वेळ गरम राहतात. वाढल्यावर पाच मिनिटं थांबा आणि आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहा.

कण्या कशा करायच्या

ज्वारीच्या कण्या विदर्भात काही नव्या नाहीत. आधीच्या पिढीत त्या रोजच्या होत्या, नंतर गरिबीचं जेवण म्हणून मागे पडल्या. कवळीवाल्या माणसासाठी मला यापेक्षा सोयीचं काही सापडलेलं नाही. भाकर चावावी लागते, कण्या गिळता येतात, आणि धान्य तेच राहतं.

एक किलो ज्वारी निवडून, खडे आणि काळी कुसं काढून घ्या. मोठ्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं नुसती गरम होऊन वास सुटेपर्यंत परता. लाल करायची नाही. पूर्ण थंड झाली की मिक्सरमध्ये थोडी-थोडी घालून झटके देत भरडा. सलग फिरवलं तर अर्धं पीठ होतं आणि अर्धी ज्वारी अख्खी राहते. गिरणीत देत असाल तर "बारीक रव्यासारखी भरडून द्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर गुरांच्या भरड्याएवढं जाड हातात येतं.

मग पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेलं पीठ आंबिलीला ठेवा. वर राहिलेलं जाड चाळणीतून काढा आणि त्यातूनही जे मोठे तुकडे आणि टरफलं वर राहतील ती पुन्हा मिक्सरला लावा. जुन्या पद्धतीत ही टरफलं सुपाने पाखडून टाकत. आपण ती ठेवतो, कारण चोथ्याचा मोठा वाटा तिथेच असतो, फक्त ती बारीक झाली पाहिजेत. मोठं टरफल टाळूला चिकटतं आणि माणूस जेवण सोडून बोटाने ते काढत बसतं. घट्ट झाकणाच्या डब्यात कण्या पंधरा दिवस चांगल्या राहतात. उन्हाळ्यात मी आठ-दहा दिवसांपुरत्याच करते, कारण ज्वारीचं तेल खवट होतं. डबा उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला तर त्या गुरांना.

आता शिजवणं. अर्धी वाटी कण्या, म्हणजे साधारण 60 ग्रॅम, दोनदा धुऊन रात्रभर तीन वाट्या पाण्यात भिजवा. सकाळी त्याच पाण्यासह, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घालून कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. वाफ काढून घेतली तर दाणा मधे कच्चा राहतो. उघडल्यावर रवीने दोन मिनिटं घोटा. डावातून सावकाश, एका गोळ्यासारखं पडलं पाहिजे. कण्या थंड होताना घट्ट होतात, म्हणून ताटात वाढताना गरम पाणी किंवा ताक घालून सैल करा. एवढ्यात अंदाजे तीन वाट्या होतात. दीड वाटी सकाळी, उरलेलं चार वाजता. मधल्या वेळात उन्हाळ्यात ते फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिज नसेल तर अर्ध्याच करा.

भिजवण्याचं महत्त्व मला एका सकाळच्या घाईने शिकवलं. पाहुणे येणार होते, रात्री भिजवायचं राहिलं आणि मी नुसत्या चार शिट्ट्या घेतल्या. वरून कण्या छान फुललेल्या दिसत होत्या. मामाजींनी तीन घास खाल्ले, चमचा ठेवला आणि खालची कवळी काढून हातावर घेतली. कवळीच्या आतल्या बाजूला राईएवढे कच्चे दाणे चिकटलेले होते. "सूनबाई, हे कण्या हाये का रेती?" एवढंच म्हणाले. पण डाव्या बाजूला हिरडीवर लाल ओरखडा आला आणि पुढचे दोन दिवस कवळी घालता आली नाही. त्या दोन दिवसांत सगळं जेवण मिक्सरमधून काढावं लागलं.

तेव्हापासून मी एक साधी चाचणी करते. घास अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायचा. बोटांना एकही कण लागला नाही, नुसता लुसलुशीत लेप राहिला, तर झालं. मग तोच घास स्वतः दात न लावता जीभ आणि टाळूमध्ये दाबून पाहायचा. मला दाबता आला नाही तर कवळीवाल्यालाही येणार नाही. ही चाचणी फक्त कण्यांना नाही, प्रत्येक भांड्याला लावा.

मधुमेह असेल तर एक लक्षात ठेवा: कण्या भाताच्या जागी घ्यायच्या, भात आहे तसा ठेवून वरून नाही. घोटून शिजवलेलं कोणतंही धान्य साखर लवकर वाढवतं, म्हणून वाटी मोजून घ्या आणि गूळ नको. सोबत वरण किंवा ताक ठेवा.

वरण: साल फेकू नका

तुरीचं वरण चालतंच, पण आठवड्यातून चार दिवस सालीच्या मुगाची डाळ करा. धुताना साल वर तरंगते आणि हात आपोआप ती ओतून टाकतो. तेवढं एक सोडायचं. चार तास भिजवा, दुप्पट-तिप्पट पाण्यात कुकरला लावा, रवीने घोटा. साल तरीही टाळूला चिकटत असेल तर शिजल्यावर मिक्सरमधून काढा. गाळायचं मात्र नाही. फोडणीत हिंग, जिरं आणि लसूण ठेचून, सांबार अगदी बारीक चिरून. अख्खी मोहरी मी टाकत नाही, ती कवळीखाली जाते.

भाकर सोडवत नसेल तर ती याच वरणात येते. ताजी भाकर हाताने बारीक कुस्करून, गरम वरण ओतून झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटांनी चमच्याच्या पाठीने दाबा. कडा आणि पापुद्रा भिजायला वेळ लागतो. घाईत वाढलं तर वर पातळ वरण आणि खाली भाकरीचे गठ्ठे असं मिश्रण होतं, आणि पातळ-घट्ट एकत्र असलेला घासच म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त ठसका लावतो. सगळं एकाच घट्टपणाचं झालं पाहिजे.

भाजी चिरताना

पालेभाजीत धागे देठाच्या लांबीने धावतात. शिजवल्याने ते मऊ होतात, पण तुटत नाहीत. म्हणून जाड देठ काढून पाने जुडीसारखी धरून आडवी चिरा, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा बारीक. आधी शिजवून मग मिक्सरला लावलं तर धागे पात्याला गुंडाळले जातात आणि भाजीत तसेच राहतात. पालक किंवा चवळाईचं आळण सोयीचं पडतं. शिजलेल्या भाजीत दोन चमचे बेसन पाण्यात कालवून घालायचं आणि पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं. बेसनामुळे पाणी आणि पाला वेगळे होत नाहीत. घट्ट चून मात्र कवळीवाल्याला देऊ नका, ते चिकटून कवळीच खेचतं.

रोजच्यासाठी लाल कोहळं सगळ्यात बिनतक्रार. बी आणि आतले धागे खरवडून, जाड साल काढून, मेथीदाणा न घालता वाफवायचं आणि घोटायचं. एक मोठी वाटी म्हणजे 150 ग्रॅम, त्यात साधारण 4 ग्रॅम चोथा जातो. भेदरं लागलं तर अर्धं कापून किसणीवर घासा, साल हातात राहते. भरीत आवडत असेल तर कोवळं, कमी बियांचं वांगं शोधा.

फळात पपई. पिकलेली पपई चमच्याने दाबून दीड वाटी, यातही 4 ग्रॅमच्या आसपास मिळतो. आपल्याकडे संत्री मुबलक, म्हणून रस काढून देण्याची पद्धत आहे. पण रसात चोथा जवळजवळ नसतोच, आणि फोडीची पापडी सोलून दिली तरी बराचसा चोथा पापडीबरोबर जातो. संत्रं चवीला द्या, पोटाच्या कामाला पपई. जाम द्यायचाच असेल तर फोडी थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर दाबून घ्या, बिया मागे राहतात.

जवस, पण कुटून

जवसाची चटणी आपल्या भागात घरोघरी असते. अख्खं जवस तोंडात कवळीखाली जातं आणि पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे कुटलेलंच द्या. कोरड्या कढईत तडतडेपर्यंत भाजून, थंड करून, अगदी बारीक पूड. आठवड्यापुरतीच करा. सुरुवातीला एक छोटा चमचा कण्यांत मिसळून, पंधरा दिवसांनी दोन. जवस पाणी ओढून फुगतं, म्हणून वर ग्लासभर पाणी हवंच. गोळ्या चालू असतील तर जवस आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. इसबगोल देत असाल तर तेही भरपूर पाण्यात आणि बसून. कोरडं तोंडात टाकून वरून घोटभर पाणी घेणं धोक्याचं, कारण ते घशातच फुगू शकतं.

एकदम नाही, आठवड्याआठवड्याने

मामाजींचं आम्ही असं केलं. पहिला आठवडा फक्त सकाळच्या टोस्टऐवजी कण्या, बाकी सगळं तसंच. दोन-तीन दिवस पोटात गुडगुड झाली, मग बसली. दुसऱ्या आठवड्यात सालीची डाळ आणि दुपारचा भात अर्धा करून भाकर-वरण. तिसऱ्यात कोहळं किंवा आळण आणि चार वाजता पपई. चौथ्यात जवस. शेवटी दिवसाचा हिशेब असा आला: कण्या 6 ग्रॅम, भाकर 5, सालीची डाळ 5, भाजी 4, पपई 4, जवस आणि थोडा भात मिळून 3. म्हणजे 27. तीन आठवड्यांनी ते एक दिवसाआड जाऊ लागले, आणि चूर्णाची बाटली कपाटात मागे गेली. एखाद्या आठवड्यात पोट फुगलं तर मागच्या पायरीवर परत जायचं आणि चार दिवसांनी पुन्हा.

हे सगळं पाण्यावर चालतं. चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर मळ आणखी कडक होतो, आणि मग लोक म्हणतात ज्वारी जड पडली. म्हातारी माणसं रात्री उठावं लागेल म्हणून पाणी टाळतात. म्हणून मी सकाळी दीड लिटरची बाटली भरते आणि सायंकाळी पाचच्या आत ती संपवायची असं ठरलेलं आहे. ताक, पातळ वरण त्याशिवाय. मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याच्या उन्हात एवढंही कमी पडतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर चोथा वाढवण्याआधी त्यांनाच विचारा.

"मी काय लहान लेकरू हाओ काय, सगळं घोटून देतं?" हे वाक्य दुसऱ्या आठवड्यात आलंच. मग मी सगळं एका वाटीत कालवणं बंद केलं. कण्या वेगळ्या, वरण वेगळं, कोहळं वेगळं, बाजूला बिनबियाच्या मिरचीचा ठेचा बोटभर. मऊपणा तोच, पण ताट ताटासारखं दिसलं आणि तक्रार थांबली.

कुठे थांबायचं

बद्धकोष्ठ अचानक नवीन सुरू झालं असेल, मळात रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, किंवा पोट ताठ फुगून उलटी होत असेल आणि वायूही सरत नसेल, तर कण्या शिजवत बसू नका, दवाखान्यात न्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि काही जोरदार वेदनाशामक गोळ्यांनीही शौच अडकते, तेव्हा गोळ्यांची पिशवी सोबत न्या.

एक फसवं लक्षण आहे. चार-पाच दिवस काही झालेलं नाही आणि मग थोडं-थोडं पाण्यासारखं गळायला लागतं, कपडे खराब होतात. घरचे जुलाब समजून बंद व्हायची गोळी देतात. प्रत्यक्षात आत कडक मळ अडकलेला असतो आणि पातळ भाग त्याच्या बाजूने झिरपत असतो. अशा वेळी चोथा वाढवला तर अडथळ्यामागे आणखी भर पडते. आधी डॉक्टरांकडून पोट मोकळं, नंतर कण्या.

जेवताना रोज खोकला येत असेल, घास गिळल्यावर आवाज ओला-घोगरा होत असेल, तर अडचण दातांची नाही, गिळण्याची आहे. तिथे मऊ जेवणाने भागत नाही, तपासणी लागते.

आणि सगळं नीट शिजवूनही हिरडीला एकाच जागी पुन्हा-पुन्हा व्रण होत असेल, तर दोष कवळीत आहे. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजतं आणि बसलेली कवळी सैल होते. आमच्या मामाजींची खालची कवळी चौथ्या वर्षी अशीच हलायला लागली. दुखतं म्हणून ती काढून, कागदात गुंडाळून आम्ही तालुक्याला नेली, आणि डॉक्टरांना हिरडीवर काही दिसेचना, कारण चार दिवसांत व्रण भरून आला होता. दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी कवळी घालूनच ठेवली. लाल खूण नेमकी दिसली, तेवढी जागा घासून दिली, आणि कवळीला आतून नवा थर बसवायची तारीख मिळाली.